द्विभाषिक बीजक : मराठीत काय असावे, ठराविक स्वरूपात काय ठेवावे

(तालुक्याच्या ठिकाणचे व्यापारी, ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सिमेंट, लोखंड व पाइप विकणाऱ्या तालुक्यातील दुकानात दिवसभर दोन प्रकारचे ग्राहक येतात. एक असतो गोठा बांधणारा शेतकरी. त्याला बिल मराठीत हवे असते, कारण काय घेतले, काय दराने घेतले आणि किती देणे राहिले हे त्याला घरी जाऊन वाचायचे असते. दुसरा असतो शाळेच्या कुंपणभिंतीचे काम घेतलेला नोंदणीकृत ठेकेदार. त्याचे बिल त्याच्याइतकेच त्याचा हिशेबनीस, कर खात्याची संगणक प्रणाली आणि कदाचित परप्रांतातील लेखापरीक्षकही वाचतो. एकच छापील नमुना या दोघांच्याही उपयोगी पडावा, यासाठी द्विभाषिक बीजक काढले जाते.

वस्तू व सेवा कर नियमावली, २०१७ मधील नियम ४६ कर बीजकावर कोणता तपशील असावा हे सांगतो. परंतु तो कोणत्या भाषेत असावा याचे बंधन तो घालत नाही. म्हणून मराठी बीजक काढण्यास हरकत नाही. अडचण वेगळीच आहे. बीजकावरील काही मजकूर माणसाने वाचण्यासाठी असतो, तर काही दुसऱ्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहण्यासाठी असतो. पहिला मजकूर दोन्ही भाषांत द्यावा. दुसरा एकाच रूपात, एकदाच द्यावा.

प्रथम पहिल्या प्रकाराचा विचार करू. स्तंभांची शीर्षके, मालाचे वर्णन, उधारीची मुदत, माल परत घेण्याच्या अटी आणि अक्षरी रक्कम हा सर्व भाग मराठीत आधी व इंग्रजीत त्याखाली छापावा. मात्र शीर्षकाचा शब्द काळजीपूर्वक निवडावा. अनेक दुकानांत बिलावर ‘पावती’ असे छापलेले असते. पावती म्हणजे पैसे मिळाल्याची पोच. शेतकऱ्याने माल उधारीवर नेला असेल, तर त्याच कागदाच्या आधारे पैसे दिल्याचा दावा उद्या होऊ शकतो आणि वाद उभा राहतो. उलटपक्षी, पैसे रोख देऊनही हाती केवळ बीजक पडले, तर ते दिल्याचा पुरावा ग्राहकाजवळ राहत नाही. म्हणून शीर्षक ‘कर बीजक’ असे असावे, आणि रोख मिळालेली रक्कम व बाकी रक्कम यांसाठी खाली स्वतंत्र रकाने ठेवावेत. मराठी मजकुराचा खरा उपयोग अशा ठिकाणी होतो.

मालाच्या वर्णनात ‘सिमेंट’ हा शब्द मराठीत लिहावा. परंतु पोत्यावरील प्रकार व भारतीय मानकाचा क्रमांक जसाच्या तसा उतरवावा. पोर्टलँड पॉझोलाना सिमेंटचे मानक १४८९ आहे. त्याचे मराठी नाव कल्पून लिहिल्यास ग्रामपंचायत अधिकाऱ्याला पोते आणि बीजक यांचा मेळ घालता येणार नाही.

आता दुसरा प्रकार. येथे एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, ठेकेदाराने ४० पोती सिमेंट प्रत्येकी ३५० रुपये दराने घेतले. करपात्र मूल्य १४,००० रुपये झाले. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे. त्यातील केंद्राचा ९ टक्के म्हणजे १,२६० रुपये आणि राज्याचा तेवढाच. एकूण बिल १६,५२० रुपये. यातील २,५२० रुपये कर ठेकेदाराला आपल्या देय करातून वजा करून मिळू शकतो. परंतु १ जानेवारी २०२२ पासून त्यासाठी एक अट आहे : दुकानदाराने ते बीजक आपल्या विवरणात दाखविलेले असले पाहिजे व ते ठेकेदाराच्या मासिक पत्रकात उमटले पाहिजे.

दुकानदाराने बीजकाचा क्रमांक ‘म/४१५’ असा छापला होता असे समजा. कर संकेतस्थळ देवनागरी क्रमांक स्वीकारत नाही. दुकानातील लेखनिकाने तेथे M/415 असे भरले. ठेकेदाराच्या हिशेबनिसाने आपल्या वहीत MA/415 असे लिहिले, कारण ‘म’ या अक्षराचे रोमन रूप दोघांनी आपापल्या परीने ठरविले. हिशेबनीस देवनागरी न जाणणारा असता, तर आणखी घोटाळा झाला असता. ४ हा अंक 8 सारखा, १ हा 9 सारखा आणि ५ हा 4 सारखा दिसतो; त्याने 894 असे वाचले असते. मासिक पत्रकात एक क्रमांक, वहीत दुसरा व कागदावर तिसरा, अशी स्थिती झाली, की २,५२० रुपयांची वजावट अडकते. चूक ओळखण्याची खूण अशी की, रक्कम व तारीख जुळते. परंतु बीजक ‘सापडत नाही’ असा शेरा येतो.

यावर उपाय सोपा आहे. क्रमांक आरंभापासूनच रोमन अक्षरांत व आंतरराष्ट्रीय अंकांत छापावा, उदाहरणार्थ, M/25-26/415. नियमानुसार तो १६ चिन्हांहून मोठा नसावा, त्यात अक्षरे, अंक, आडवी रेघ व तिरपी रेघ एवढेच असावे, आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये. हे अंक परके आहेत असे मानण्याचे कारण नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ ने त्यांना ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ असेच म्हटले आहे.

हाच न्याय आणखी चार गोष्टींना लागू आहे. पहिली, १५ चिन्हांचा नोंदणी क्रमांक. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी 27. दुसरी, मालाचा वर्गीकरण संकेतांक, सिमेंटसाठी 2523. नोंदणीकृत ग्राहकाच्या बीजकावर पाच कोटींपर्यंत उलाढालीच्या व्यापाऱ्याने चार अंक द्यावेत, त्याहून मोठ्याने सहा. तिसरी, परिमाणाचा संकेत. ‘पोती’ हा शब्द ग्राहकासाठी जरूर लिहावा. पण विवरणात BAG भरावे लागते, म्हणून तोही शेजारी असावा. चौथी, व्यापाऱ्याचे नाव. मराठी नाव ठळक अक्षरांत असले तरी नोंदणी प्रमाणपत्रावरील नाव त्याच वर्णलेखनात खाली यावे. ग्रामपंचायतीने धनादेश काढताना मराठी नावाचे स्वतःच इंग्रजीकरण करू नये. बँक खात्यावरील नाव पाहून घ्यावे.

काही शब्द तर नियमानेच ठरवून दिले आहेत. प्रतीवरील ‘ओरिजिनल फॉर रेसिपियंट’ हे त्यांपैकी एक. तसेच कॉम्पोझिशन योजनेतील व्यापाऱ्याने आपणास कर वसूल करण्याचा अधिकार नाही, हे सांगणारे विहित वाक्य माथ्यावर लिहावयाचे असते. असे शब्द जसेच्या तसे ठेवून मराठी अर्थ त्याखाली द्यावा. या व्यापाऱ्याचा कागद ‘कर बीजक’ नसतो, तर ‘पुरवठा देयक’ असतो. त्यावर कराची वेगळी रक्कम आढळली, तर ग्रामपंचायतीने ते देयक परत करावे.

रकमांचे आकडेही दोनदा, दोन प्रकारच्या अंकांत छापू नयेत. एकात दुरुस्ती झाली व दुसरा तसाच राहिला, तर कोणता खरा हा प्रश्न उरतो. आकडा एकदाच आणि अक्षरी रक्कम दोन्ही भाषांत, हे पुरेसे आहे.

नवा नमुना छापण्यापूर्वी कच्ची प्रत दोघांना दाखवावी. केवळ मराठी जाणणाऱ्या ग्राहकाने काय घेतले, किती दिले व किती बाकी हे विचारल्याशिवाय सांगावे. मराठी न जाणणाऱ्या हिशेबनिसाने क्रमांक, तारीख, संकेतांक व रक्कम न अडखळता उतरवून घ्यावी. दोघांपैकी एक जरी थबकला, तरी तो ज्या ओळीवर थबकला ती दुरुस्त करून मगच छापखान्यात द्यावी.