प्रिन्सेस कटचा जोड छातीवर सपाट कसा बसेल?



मागच्या वेळी टकाच्या ब्लाउजबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणींनी निरोप पाठवले की आता गिऱ्हाईक प्रिन्सेस कटच मागते, कापायला तो जमतो, पण शिवल्यावर छातीवर जोड फुगतो, त्याचं काय करायचं? म्हणून आज कापण्याबद्दल बोलणार नाही. दोन भाग कापून समोर ठेवले आहेत असं धरू आणि तिथून पुढे जाऊ.

आधी माझीच फजिती सांगते. लग्नसराईत एका ताईंनी मला खणाचं कापड आणून दिलं. त्यांच्या आईच्या पेटीतलं होतं, गर्द वांगी रंगाचं, बेताचं ऐंशी सेंटिमीटर. छाती छत्तीस. मी कापलं, शिवलं, टेबलावर दाबून इस्त्री केली, घडी घालून दिलं. दुसऱ्या दिवशी त्या ब्लाउज घालूनच आल्या. दोन्ही बाजूंना छातीच्या उंचवट्यावर जोडाला टोक आलेलं आणि टोकाच्या वरच्या अंगाला आडव्या सुरकुत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण पदर पुढे ओढून उभ्या राहिल्या. तेवढ्यावरून मी समजले. परत कापायला कापड उरलं नव्हतं. जे होतं तेच उसवून दुरुस्त करायचं होतं. त्या दिवशी जे शिकले, ते आज सांगते.

प्रिन्सेस कटात पुढचे दोन भाग असतात, एक मधला आणि एक बगलेकडचा. मुंढ्यातून निघून छातीच्या उंचवट्यावरून कमरेपर्यंत जाणाऱ्या जोडावर ते भेटतात. मधल्या भागाची कड छातीच्या वर आत वळलेली असते, भाकरीचा घास तोडल्यावर खळगा पडतो तशी. बाजूच्या भागाची कड बाहेर फुगलेली असते. खळगा आणि फुगवटा एकमेकांना शिवायचे असतात. सगळी अडचण इथेच आहे.

रेडिओवर मला दाखवता येत नाही, म्हणून तुम्हीच करून बघा. जुन्या वर्तमानपत्रावर ताट पालथं ठेवून पेन्सिलीने गोल काढा आणि कापा. आता तुमच्याकडे एक चकती आहे आणि एक भोक पडलेला कागद. चकतीची कड अर्धा इंच आत दुमडा. कागद जास्त होतो, चुण्या पडतात. आता भोकाची कड अर्धा इंच मागे दुमडा. कागद पुरत नाही, फाटतो. चकती म्हणजे आपला बाजूचा भाग आणि भोकाची कड म्हणजे मधला भाग. कापड कागदासारखं फाटत नाही, ते ओढून धरतं. ओढलं की आडव्या सुरकुत्या येतात. म्हणून मधल्या भागाच्या मायेला सरळ काप द्यायचे, म्हणजे ती उघडेल. आणि बाजूच्या भागाच्या मायेतून छोटे त्रिकोण काढायचे, म्हणजे जास्तीचं कापड निघून जाईल. हे दोन वेगळे काप आहेत, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा.

आता क्रमाने जाऊ. या जोडाला माया अर्धा इंच, म्हणजे चार सूतच ठेवा. पुढे ढिलं करता यावं म्हणून आपण इथे एक इंच माया ठेवतो, ती चूक आहे. माया जितकी रुंद, तितकी वळणावर आडवी येते. जास्तीची माया बगलेखालच्या सरळ शिवणीत ठेवा, तिथे ती कामाला येते.

शिवण्याआधी दोन्ही भागांवर खडूने शिलाईची रेघ काढा आणि ती रेघ मोजा. टेप आडवी न ठेवता कडेवर उभी धरा, म्हणजे ती वळणाबरोबर वळते. त्या छत्तीसच्या ब्लाउजात मधल्या भागाची रेघ मुंढ्यापासून उंचवट्याच्या खुणेपर्यंत पावणेपाच इंच होती आणि बाजूच्या भागाची पाच. खुणेखाली दोन्ही सारख्या. पाव इंचाचा हा फरक चुकीचा नाही, छातीला गोलाई तोच देतो. पण फरक अर्ध्या इंचाच्या वर गेला तर सुती कापडात तो जिरत नाही. तसं असेल तर आधी कापणी तपासा.

आता मधल्या भागाला, खडूच्या रेघेपासून धागाभर बाहेर, मायेच्या बाजूला, बारीक टाक्याची एक शिलाई घाला. उंचवट्याच्या खुणेच्या वर दोन-अडीच इंच आणि खाली दोन इंच एवढीच. अस्तर एकत्र शिवणार असाल तर अस्तर आणि वरचं कापड दोन्ही धरून घाला. ही शिलाई म्हणजे बांध आहे. कात्री त्याच्यापुढे जायची नाही.

मग कात्रीच्या टोकाने मायेला काप द्या. काप बांधाच्या धागाभर अलीकडे थांबला पाहिजे. वळण जास्त आहे तिथे अर्ध्या-अर्ध्या इंचावर, कमी आहे तिथे पाऊण इंचावर. मी पहिल्यांदा काय केलं होतं? भीतीपोटी काप दोनच सूत खोल दिले होते. उरलेली दोन सूत माया आखडून राहिली आणि तिनेच सुरकुत्या आणल्या.

आता दोन्ही भाग सुलट बाजू आतमध्ये ठेवून लावा. आधी उंचवट्याची खूण खुणेला लावून टाचणी टोचा, मग मुंढ्याचं टोक, मग कमरेचं. कापाच्या जागा उघडतील आणि खळगा फुगवट्याभोवती बसेल. कापडाच्या कडा जुळवू नका, खडूच्या रेघा जुळवा. पाव इंचाचं जास्तीचं कापड खुणेच्या वरच्या दीड इंचात थोडं थोडं वाटून घ्या. सगळं एका जागी राहिलं की तिथे टोक येतं. त्या ताईंच्या ब्लाउजाचं तेच झालं होतं. नवीन असाल तर इथे धावदोरा घालाच. त्याला पाच मिनिटं लागतात, उसवायला अर्धा तास लागतो.

मशीनवर घेताना काप दिलेला मधला भाग वर आणि बाजूचा भाग खाली ठेवा. खालचे दाते कापड थोडं जास्त पुढे ओढतात, त्यामुळे खालच्या भागाची जास्तीची लांबी आपोआप जिरते. वळणावर सावकाश चला. दर इंच-दीड इंचाला चाक हाताने फिरवून सुई कापडात उतरवा, दाब उचला, वरचं कापड सारखं करा, पुढे जा. शिलाई रेघेवरच हवी. ती बांधाच्या आतल्या बाजूने जाते, म्हणून काप शिलाईत येत नाहीत.

शिवून झालं की जोड अंगावर किंवा पुतळ्यावर घालून बघा आणि मगच बाजूच्या भागाला कात्री लावा. त्याच्या मायेतून फुगवट्यावर छोटे त्रिकोण काढा, रुंदीला दोन सूत, शिलाईच्या एक सूत अलीकडे थांबणारे. समोरच्या कापाच्या बरोबर समोर त्रिकोण घेऊ नका, दोन कापांच्या मध्ये घ्या. एकाच जागी दोन्ही बाजू कापल्या की तिथे जोड कमजोर होतो आणि बाहेरून छोटा खड्डाही दिसतो. अस्तराची माया वरच्या कापडापेक्षा एक सूत कमी करा, म्हणजे चारही थर एकाच ओळीत संपून उंचवटा दिसत नाही.

आता इस्त्री. माझी मोठी चूक इथे होती. छातीवरचा जोड गोल आहे आणि मी तो सपाट टेबलावर दाबला. सपाट दाबला की गोलाई मोडते आणि जोडाशेजारी घडी बसते. त्यासाठी घट्ट गोल उशी लागते. विकतची नको. जुन्या सुती साडीचा किंवा टॉवेलचा घट्ट गुंडाळा करा, छोट्या नारळाएवढा, आणि वरून सुती कापड शिवून टाका. लाकडाचा भुसा ठासून भरलेली पिशवी आणखी चांगली, कारण ती वाफ शोषते.

आधी जोड उघडू नका. जशी शिलाई घातली तशीच, दोन्ही माया एकत्र धरून, फक्त मायेवर इस्त्रीचं टोक फिरवा. टाके कापडात बसतात. मग भाग उलटा करून उशीवर घाला, माया बोटांनी दोन्हीकडे उघडा, ओलसर सुती फडकं ठेवा आणि इस्त्री टेकवा, उचला, पुढे टेकवा. घासू नका, घासल्याने आडवं-तिरपं कापड ताणतं. शेवटी फडकं काढून जोड उशीवरच गार होऊ द्या. गरम असताना उचलला तर त्याचा आकार जातो. कोळशाची इस्त्री असेल तर राख झटकून घ्या, आणि सिंथेटिक कापडावर ताप कमी ठेवा, फडकं कोरडंच ठेवा.

आता चूक ओळखायची कशी? जोडापासून आडव्या सुरकुत्या निघत असतील तर मधल्या भागाचे काप उथळ आहेत. आतून माया जाड, गाठीगाठींची लागत असेल तर त्रिकोण काढलेले नाहीत. एकाच जागी टोक असेल तर जास्तीचं कापड नीट वाटलेलं नाही, तेवढं तीन इंच उसवून परत बसवा. आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना लांब घडी दिसत असेल तर शिलाई बरोबर आहे, इस्त्री सपाटावर झाली आहे. ओलं फडकं आणि उशी घेऊन ती पुन्हा करा.

एक मर्यादा सांगते. काप दिल्यावर हा जोड ढिला करता येत नाही. म्हणून मापाची शंका असेल तर आधी अस्तराचा जोड लांब टाक्याने शिवून अंगावर बघा. अस्तर आदल्या दिवशी भिजवून वाळवलेलं असावं. खणासारखं सुटं विणलेलं कापड कडेने उसवतं, त्याला काप कमी द्या आणि बांधाच्या दोन ओळी घाला. अस्तर घट्ट विणीचं असलं की ते धाग्यांना धरून ठेवतं.

त्या खणाच्या ब्लाउजाचे दोन्ही जोड मी त्या रात्री उसवले. बांध घातला, काप बांधापर्यंत नेले, पाव इंच वाटून घेतला आणि साडीच्या गुंडाळ्यावर इस्त्री केली. सकाळी ताई आल्या, घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. या वेळी पदर मागेच राहिला.

तुम्ही ताटाचा तो कागद आज संध्याकाळी नक्की करून बघा, आणि गटाच्या बैठकीत बरोबर घेऊन जा. नमस्कार.