पिशवी कुजते म्हणजे कुठे, आणि किती दिवसांत?



भाजीच्या, मिठाईच्या किंवा औषधांच्या दुकानात हल्ली हिरवट पिशवी मिळते. तिच्यावर एखादं पान काढलेलं असतं आणि खाली इंग्रजीत ‘बायोडिग्रेडेबल’ किंवा ‘कंपोस्टेबल’ असं छापलेलं असतं. बहुतेकांना हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे वाटतात. पिशवी कुजते, तेव्हा काळजीचं कारण नाही, असं आपण धरून चालतो आणि ती ओल्या कचऱ्यात टाकतो. आज मला एवढंच सांगायचं आहे की या दोन शब्दांची अदलाबदल करता येत नाही. आणि यातल्या ज्या शब्दावर विश्वास ठेवता येतो, त्याच्याही अटी आहेत.

बायोडिग्रेडेबल म्हणजे जिवाणू आणि बुरशी ज्याचं विघटन करू शकतात असा पदार्थ. व्याख्येत चूक काही नाही, ती अपुरी आहे. विघटन कुठे होणार, मातीत, समुद्रात की कचरा डेपोच्या तळाशी? किती दिवसांत, सहा महिन्यांत की साठ वर्षांत? आणि शेवटी काय उरणार? सागवानी ओंडकाही बायोडिग्रेडेबलच आहे, पण तो कोणी कंपोस्टच्या खड्ड्यात घालत नाही. जागा, मुदत आणि अवशेष या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय हा शब्द पिशवीवर छापला, तर त्यातून ग्राहकाला काहीच कळत नाही. उलट, आता ही कुठेही टाकली तरी चालेल, असा त्याचा समज होतो. माझा या शब्दावरचा मुख्य आक्षेप तोच आहे.

कंपोस्टेबल या शब्दामागे मात्र ठरलेली परीक्षा आहे. भारतात त्यासाठीचं मानक आयएस/आयएसओ १७०८८ हे आहे. युरोपातलं ईएन १३४३२ याच धर्तीचं आहे. या परीक्षेचे टप्पे थोडे सावकाश सांगतो, कारण ते कळले की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

पहिला टप्पा कार्बनचा. नमुन्याची बारीक पूड करून ती मुरलेल्या कंपोस्टमध्ये मिसळतात. मिश्रण बंद भांड्यात ५८ अंश सेल्सिअसला ठेवतात, ओल राखतात आणि त्यातून सतत हवा सोडतात. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजत राहतात. शेजारच्या भांड्यांत नुसतं कंपोस्ट असतं. त्यातून निघालेला वायू वजा केला की नमुन्यातून किती आला ते कळतं. मक्यापासून बनणाऱ्या पीएलए या प्लॅस्टिकचं उदाहरण घेऊ. त्याचं निम्मं वजन कार्बनचं असतं. म्हणजे १०० ग्रॅम पीएलएमध्ये ५० ग्रॅम कार्बन. तो सगळा वायू झाला तर सुमारे १८३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळेल. पास होण्यासाठी १८० दिवसांच्या आत त्यातला ९० टक्के, म्हणजे सुमारे १६५ ग्रॅम, प्रत्यक्ष मिळावा लागतो. नव्वदच का? कारण उरलेल्या कार्बनचा काही भाग जिवाणूंच्या शरीरात जातो.

या हिशेबाचं मर्म असं की डोळ्यांना पिशवी दिसेनाशी झाली, हा पुरावा इथे चालत नाही. प्लॅस्टिकचे तुकडे इतके बारीक होऊ शकतात की दिसणार नाहीत, तरी त्यातला कार्बन प्लॅस्टिकमध्येच अडकलेला राहतो. जिवाणूंनी तो खाल्ला असेल तरच तो वायूरूपात बाहेर येतो.

दुसरा टप्पा तुकड्यांचा. इथे पूड घेत नाहीत, वस्तू प्रत्यक्षात ज्या जाडीची असते त्याच जाडीचा नमुना कंपोस्टमध्ये घालतात. बारा आठवड्यांनंतर दोन मिलिमीटरच्या चाळणीतून सगळं चाळतात. चाळणीवर मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त उरलं की नमुना नापास. म्हणून प्रमाणपत्राबरोबर जाडी बघावी लागते. पातळ फिल्म पास झाली, तरी त्याच पदार्थाचा जाड चमचा आपोआप पास होत नाही. तिसरा टप्पा विषारीपणाचा. जड धातूंचं प्रमाण मर्यादेत आहे का ते तपासतात आणि तयार झालेल्या कंपोस्टमध्ये बी पेरून बघतात. साध्या कंपोस्टच्या तुलनेत उगवण आणि रोपांची वाढ किमान ९० टक्के यावी लागते.

आता बायोडिग्रेडेबल म्हणून विकल्या गेलेल्या एका मालाकडे या परीक्षेच्या नजरेने बघा. साध्या पॉलिथिनमध्ये कोबाल्ट, मँगनीज किंवा लोखंडाचे क्षार थोडे मिसळतात. ऊन आणि हवा लागली की अशी पिशवी ठिसूळ होते आणि तिचा चुरा होतो. याला ऑक्सो-डिग्रेडेबल म्हणतात. वाऱ्यावर चुरा उडून गेला की पिशवी गेली असं वाटतं, पण गेलेला असतो तो तिचा आकार. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशानुसार अशा प्लॅस्टिकच्या वस्तू बाजारात आणायला जुलै २०२१पासून बंदी घातली, आणि माझ्या मते ते योग्यच झालं.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी पाच प्रकारच्या पिशव्या मातीत पुरल्या, समुद्रात बुडवल्या आणि उघड्या हवेत टांगल्या. तीन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर मातीत आणि समुद्रात असलेली बायोडिग्रेडेबल पिशवी, दोन्ही ऑक्सो पिशव्या आणि साधी प्लॅस्टिकची पिशवी या चारही सामान वाहून नेण्याइतक्या शाबूत होत्या. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली. मातीत मात्र ती २७ महिन्यांनंतरही होती, फक्त वजन पेलत नव्हती. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. कंपोस्टेबलचे निकालही जागेप्रमाणे किती बदलतात, हे त्यातून स्पष्ट दिसतं. मातीत पुरणं म्हणजे कंपोस्टिंग नव्हे.

आता आपल्या दारात येऊ. समजा, सत्तर घरांची सोसायटी आहे. घरटी अर्धा किलो धरला तर रोजचा पस्तीस किलो ओला कचरा. आवारात तीन-तीन फूट लांबी, रुंदी आणि उंचीच्या विटांच्या टाक्या आहेत. सभेत ठराव होतो की सगळ्यांनी प्रमाणित कंपोस्टेबल पिशव्या घ्यायच्या आणि पिशवीसकट कचरा टाकीत टाकायचा. पिशव्या खऱ्या आहेत, प्रमाणपत्रही खरं आहे. पहिल्या आठवड्यात कचरा ताजा असतो, पालापाचोळा नीट मिसळलेला असतो, आणि ढिगाच्या पोटात तापमान ५५ ते ६० अंशांपर्यंत चढू शकतं. पण टाकी लहान असते, कडेने उष्णता निघून जाते, आणि सहज पचणारा माल संपला की तापमान उतरू लागतं. दोन आठवड्यांनी ते चाळिशीत असतं. दीड-दोन महिन्यांनी टाकी उघडली तर केळ्याची सालं, भाजीची देठं आणि भात ओळखू येत नाहीत. पिशव्यांच्या चिंध्या मात्र दाताळ्याच्या दातांना गुंडाळून वर येतात, आणि सफाई कामगाराला त्या हाताने वेचाव्या लागतात.

इथे फसवणूक कोणी केलेली नाही. कारण त्या प्लॅस्टिकच्या घडणीत आहे. कंपोस्टेबल मालात वापरला जाणारा पीएलए ५५ ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. त्याच सुमाराला पाणी त्याच्या लांब साखळ्या वेगाने तोडू लागतं. साखळ्या पुरेशा आखूड झाल्या की मगच जिवाणूंना त्या पचवता येतात. त्या तापमानाच्या खाली हे तुटणं फार मंदावतं. परीक्षेत ५८ अंश महिनोन्‌महिने टिकवलेले असतात. मोठ्या प्रकल्पात, जिथे कित्येक टनांच्या राशी यंत्राने उलथतात, तिथे उष्णता अनेक आठवडे टिकवता येते. सोसायटीच्या टाकीत किंवा गच्चीवरच्या बादलीत ती टिकत नाही, आणि गांडूळखतात तर ती होऊच द्यायची नसते, कारण गांडुळं मरतील. परदेशात घरगुती कंपोस्टसाठी वेगळी प्रमाणपत्रं आहेत. त्यांची परीक्षा २० ते ३० अंशांना होते आणि मुदत वर्षभराची असते. म्हणजे कंपोस्टेबल हा शब्दही ‘कुठल्या कंपोस्टमध्ये’ हे कळल्याशिवाय पुरा होत नाही.

आपल्या कायद्याने हे आता मान्य केलं आहे. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत मार्च २०२४मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार कंपोस्टेबल वस्तूवर ‘फक्त औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये कंपोस्ट होणारी’ अशा अर्थाची सूचना हवी. बायोडिग्रेडेबल म्हणायचं असेल तर किती दिवसांत आणि कुठल्या वातावरणात, हे दोन्ही लिहायला हवं. दोन्हींसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा नुसतं पान आणि नुसता शब्द असलेली पिशवी नियमात बसत नाही, हे दुकानदाराला सांगायचा आपल्याला अधिकार आहे. पिशवीवर उत्पादकाचं नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि मानकाचा उल्लेख शोधा.

घरी करून बघण्याजोगी एक परीक्षाही आहे. पिशवीचा नखाएवढा तुकडा साबणाच्या पाण्याने दोन्ही बाजूंनी ओला करा, म्हणजे त्याला हवेचे बुडबुडे चिकटणार नाहीत, आणि भांड्यातल्या पाण्यात बुडवून सोडा. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर येतं. पीएलए आणि त्याच्यासोबत वापरलं जाणारं पीबीएटी पाण्याच्या सव्वापट जड असतं, ते तळाशी जातं. तुकडा तरंगला तर कंपोस्टेबल म्हणून दिलेल्या पिशवीत बहुतेक पॉलिथिनच आहे. बुडाला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण खडूची भुकटी भरलेलं पॉलिथिनही बुडतं.

सोसायटीच्या कमिट्यांना माझं सांगणं असं आहे. आपला ओला कचरा आवारातच जिरत असेल, तर कुठलीही पिशवी टाकीत जाऊ देऊ नका. डबा थेट टाकीत रिकामा करा. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद घातला तरी पुरतो. तो चाळीस अंशांनाही कुजतो. ओला कचरा महापालिकेच्या गाडीत जात असेल, तर गाडी कुठे रिकामी होते ते आधी विचारा. ती बायोगॅस प्रकल्पावर जात असेल, तर तिथे पिशव्या बहुधा सुरुवातीलाच बाजूला काढतात. डेपोवर जात असेल, तर हवा न लागणाऱ्या थरांत पीएलए जवळजवळ तसाच पडून राहतो, आणि स्टार्चचा माल कुजलाच तर त्यातून मिथेन निघतो. भंगारवाल्याकडेही कंपोस्टेबल पेले देऊ नका. ते पाण्याच्या बाटल्यांच्या पीईटीत मिसळले की तो माल धुरकट होतो आणि त्याचा भाव पडतो. जास्तीचे चार-पाच रुपये मोजून कंपोस्टेबल पिशवी घेणं सार्थ ठरतं ते एकाच ठिकाणी, जिथे ती प्रत्यक्ष मोठ्या कंपोस्ट प्रकल्पाच्या तापलेल्या राशीत जाते आणि तो प्रकल्प ती स्वीकारतो. आपल्या गावाचा प्रकल्प स्वीकारतो का, हे पालिकेच्या घनकचरा विभागात विचारून मगच पिशव्यांची ऑर्डर द्या.