माणशी पाण्याचा हिशेब



मी शाळेत फार शिकलो नाही. हिशेब शिकलो तो मजुरांच्या पगारपत्रकांवर. मागणी करायची तर आकडा हातात हवा, हे तिथेच उमगले.

पूस नदीकाठच्या आपल्या पुसदातली एखादी वसाहत घ्या. समजा, घरे 120, घरटी माणसे 5. म्हणजे 600 माणसे. नळ आहे पण भुयारी गटार नाही अशा गावासाठी केंद्र सरकारच्या 1999 च्या पाणीपुरवठा पुस्तिकेने माणशी रोज 70 लिटर धरले होते. गटार असल्यास 135. म्हणजे वसाहतीला रोज 42 हजार लिटर लागतील.

आता टाकीत रोज 50 हजार येतात आणि तरी शेवटच्या घराला थेंब नाही, तर शेजाऱ्याशी भांडण्याआधी एक करा. रात्री एक ते चार सर्वांनी कॉक बंद ठेवावेत, टाकीत येणारे पाणीही बंद असावे, आणि पातळी मोजावी. टाकी 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद असेल आणि पातळी 10 सेंटिमीटर उतरली, तर 1200 लिटर गेले. तासाला 400, दिवसाला 9600. हे 137 माणसांचे पाणी जमिनीत मुरले!

रात्री नळ बंद असल्याने दाब जास्त असतो, म्हणून दिवसाची गळती थोडी कमी धरावी. पण तो कागद घेऊन नगरपालिकेत गेलात, तर बोलणे शेजाऱ्याच्या बादलीवर नव्हे, फुटक्या नळावर होईल.