पोह्यानंतरचे मेसेज

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला, पोहे खाऊन पाहुणे गेले, मामांनी दोघांना एकमेकांचे नंबर दिले. ‘आठ दिवसांत काय ते कळवा’ असं ठरलं. या आठ दिवसांत फोनवर जे चालतं, त्याबद्दल आज बोलू या.

मोहोळकडची एक मुलगी. नाव सांगत नाही, तिला विचारूनच हे सांगतेय. बारावी झालेली, घरी ब्लाऊज शिवते. मुलगा चाकणला कंपनीत. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, ‘पोह्यात मीठ कमी होतं.’

हिनं लिहिलं, ‘मीठ बरोबर होतं. तुमचं लक्ष पोह्यात नव्हतं.’

‘मग कुठं होतं?’

‘पंख्याकडं. सारखं वर बघत होता.’

‘खाली बघितलं असतं तर तुमच्या आईनं पकडलं असतं.’

एवढ्यावर ही दिवसभर हसत होती. आईनं विचारलं, काय गं, काय झालं? काही नाही म्हणाली. बैठकीत मुलीला काय विचारतात? शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. सगळ्यांसमोर दोघंही मान खाली घालून बसलेली असतात. माणूस कसा बोलतो, ते अशा चिडवाचिडवीतच कळतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, ‘तुला तू म्हणू का?’ हिनं उत्तर दिलं, ‘म्हणा. मी अजून अहोच म्हणणार. बढती कामावर मिळते.’ त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मला यात त्यानं आधी विचारलं, हे आवडलं. काही जण दुसऱ्याच मेसेजला ‘बायको’ म्हणायला लागतात. अजून सुपारी फुटलेली नसते, तरी मुलीला वाटतं, आता नाही कसं म्हणायचं? ‘हे नाव अजून लांब आहे’ एवढं लिहिलं तरी पुरतं. त्यावर तो काय करतो, ते बघायचं.

पुढं हिनं लाडालाडात विचारलं, ‘माझं शिलाई मशीन कुठं ठेवणार?’

तो म्हणाला, ‘आमच्या खोलीत मीच कसाबसा मावतो. मशीन आणलं तर मला बाहेर झोपावं लागेल.’

हिचं हसू थांबलं. बायोडाट्यावर ‘स्वतःचा फ्लॅट’ लिहिलेलं होतं. हिनं सरळ लिहिलं, ‘चेष्टा बाजूला. खोली का फ्लॅट?’

पाऊण तास उत्तर नाही. मग लांबलचक मेसेज आला. तिघं मित्र भाड्यानं राहतात, फ्लॅटचं मामांनी लिहिलं, बैठकीत मोठ्यांसमोर त्याला बोलता आलं नाही.

त्याच रात्री साडेअकराला आणखी एक मेसेज आला. ‘राग आला का? एक फोटो पाठव ना. साडीतला नको, घरातला, फक्त माझ्यासाठी.’

इथं जरा थांबते. व्हॉट्सॲपवर एकदाच उघडणारा फोटो पाठवता येतो, म्हणून मुलींना तो सुरक्षित वाटतो. पण समोरच्यानं दुसऱ्या मोबाईलनं त्या स्क्रीनचा फोटो काढला, तर तो कायमचा राहतो. आपल्याकडून पुसलेला मेसेजही त्यानं आधीच साठवलेला असू शकतो. कुणी अशा फोटोवरून धमकावलं, तर घाबरून चॅट पुसायचं नाही, तोच पुरावा असतो. १९३० हा सायबर गुन्ह्यांचा हेल्पलाईन नंबर आहे. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार घेतात.

हिनं सिद्धेश्वराच्या गड्ड्यात काढलेला, सात भावंडांचा फोटो पाठवला. वर लिहिलं, ‘यात मी कुठं ते ओळखा.’ त्यानं लिहिलं, ‘डाव्या हातात चक्री घेतलेली. तीच वर बघतेय, पंखा नसताना.’ पुन्हा फोटो मागितला नाही. हिच्या मावशीच्या मुलीला दुसऱ्या एका स्थळानं अशाच वेळी ‘माझ्यावर विश्वास नाही का’ म्हणून दोन दिवस अबोला दाखवला होता. तिनं तिसऱ्या दिवशी घरी नकार कळवला. कारण ‘पत्रिका जुळत नाही’ असं सांगितलं. मला तेही चालतं.

आता आयांनो, तुमच्याशी. या मुलीनं आईला मेसेज दाखवले नाहीत, फ्लॅटचं तेवढं सांगितलं. आईनंही फोन मागितला नाही, याचं मला कौतुक आहे. फोन घेऊन चारचौघांत वाचून दाखवला, की मुलगी पुढच्या वेळी खोलीचंही सांगत नाही. शिवाय उद्या मोडलं तर ‘मुलगी फार पुढची’ असं तिलाच म्हणतात. त्याच चॅटमधल्या मुलाला कोणी काही म्हणत नाही.

आईनं मामांना विचारलं. मामा आधी चिडले, मग कबूल झाले. आठ दिवसांची मुदत दोन महिन्यांवर गेली. मुलगीकडच्यांनी सांगितलं, वेगळी खोली आधी बघू, मग सुपारी. हुंड्याचं बोलणं निघालं तर तिथंच थांबायचं, हेही ठरलं.

परवा त्यानं एका रिकाम्या खोलीचा फोटो पाठवला, खिडकीखाली खडूनं चौकोन काढलेला. ‘मशीन इथं.’

हिनं लिहिलं, ‘उजेड उजव्या बाजूनं येतोय. मला डावीकडून लागतो. दुसरी खोली बघा.’

तो बघतोय म्हणे.