एकवीस मोदक आणि एक कवटी
(मंडळाच्या सभागृहात गणेशोत्सवात झालेल्या बोलण्याचा मजकूर)

मंडळाच्या फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या पानांवर फोटोंखाली जे दोन-दोन ओळींचे मजकूर येतात, ते आम्ही चौघं लिहितो. खरं तर लिहितात आपली कॉलेजातली मुलं, इंग्रजीत नाहीतर इंदुरी हिंदीत. आम्ही त्यांचं मराठी करतो. आज त्या कामाबद्दल बोला म्हणून सांगितलंय, तर आमच्या फजितीपासूनच सुरुवात करतो.

गेल्या वर्षी महाप्रसादानंतर आपले एक काका इथेच मागच्या रांगेत खुर्चीवर गाढ झोपले होते. त्यांच्या पुतण्याने फोटो काढला आणि खाली लिहिलं: “Plot twist: the modak ate me 💀🥟 #FoodComa #Ganeshotsav”. आम्हाला हसू आलं. घाईघाईत आम्ही मराठी केलं: “कथानकाला कलाटणी: मोदकानेच मला खाल्लं 💀🥟 #अन्नमूर्च्छा #गणेशोत्सव”. अर्ध्या तासात पुण्याहून काकांच्या बहिणीचा फोन आला. काकांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, हे त्यांना माहीत होतं. डोळे मिटलेला भाऊ, खाली कवटी आणि ‘मूर्च्छा’ हा शब्द. त्या रडतच होत्या. आम्ही पोस्ट काढली, काकांना उठवलं आणि फोनवर बोलायला लावलं.

नंतर शांतपणे बसून चूक शोधली. तरुण मुलांच्या इंग्रजीत कवटीचा अर्थ ‘हसून हसून मेलो’ असा असतो. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना कवटी म्हणजे कवटीच. चित्राला भाषा नसते असं वाटतं, पण असते. तसंच 😭 हे. मुलं ते हसताना टाकतात आणि आजी विचारते, का रे रडतोस? म्हणून आता आम्ही शब्दांइतकंच चित्रांचंही भाषांतर करतो. 🥟 मात्र ठेवतो. मोदकाचं वेगळं चित्र त्या यादीत नाही. हे डम्पलिंगचं आहे, पण उकडीच्या कळीदार मोदकाला शोभतं आणि सगळे ते मोदक म्हणूनच वाचतात.

दुसरी चूक ‘कथानकाला कलाटणी’ची. इंग्रजीत ती रोजच्या बोलण्यातली थट्टा आहे. मराठीत ती नाट्यपरीक्षणातून उचलल्यासारखी वाटते, आणि विनोदाआधीच ‘आता विनोद होणार’ अशी दवंडी पिटते. मग आम्ही शब्द सोडून फोटोकडे पाहिलं. विनोद कशात आहे? माणसाने इतके मोदक खाल्ले की पुढचं काही उरलं नाही. आणि जेवणानंतरच्या अशा झोपेला आपल्याकडे तयार शब्द आहे, इंग्रजी टॅगपेक्षा कितीतरी सुरेख. नवा मजकूर असा झाला:

“एकवीस मोदक. पुढचं आठवत नाही. 😴 #वामकुक्षी #Ganeshotsav”

आता लांबी पाहा. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, साध्या खात्याला 280 अक्षरांची मर्यादा असते. पण यंत्र आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, यंत्राला चार: श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. ‘वामकुक्षी’तल्या ‘क्षी’चेही चार होतात. एका इमोजीचे दोन. या हिशेबाने मूळ इंग्रजी मजकूर 56 भरतो आणि आपला 55. मराठी लांबते असं म्हणतात ते शब्दाला शब्द लावत गेलं की. इन्स्टाग्रामवर 2200 अक्षरं लिहिता येतात खरी, पण वाचकाला आधी पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकी बोट लावल्यावर. विनोद तिथेच संपायला हवा.

त्या मजकुरात एक टॅग मराठी आणि एक इंग्रजीच ठेवला आहे. हे विसरल्यामुळे झालेलं नाही. टॅग दोन जातींचे असतात. एक पत्त्यासारखा: त्यावर बोट ठेवलं की त्याच नावाखालच्या सगळ्यांच्या पोस्ट उघडतात. दुसरा नुसता थट्टेचा, त्यावर कोणी बोट ठेवत नाही. पत्ता बदलायचा नसतो. #FoodComa चं #वामकुक्षी केलं तर काही बिघडत नाही, पण मूळ पोस्ट #Ganeshotsav खाली गेली असेल तर मराठी पोस्टही तिथेच जायला हवी. आपल्या गावाचंच घ्या. हिंदीत #इंदौर, मराठीत #इंदूर. यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी गावं. गावातल्या सगळ्यांना फोटो दिसावा असं वाटत असेल तर आम्ही निमूटपणे #इंदौर लिहितो. मराठीचा अभिमान वाक्यात दाखवतो, पत्त्यात नाही.

आणि मराठीची खास अडचण म्हणजे विभक्ती. हिंदीत “#इंदौर के पोहे” लिहिलं की टॅग शाबूत राहतो, कारण ‘के’ सुटा असतो. आपण “#इंदूरचे पोहे” लिहिलं की टॅग ‘इंदूरचे’ असा होतो, आणि तिथे उघडून पाहिलं तर आपण एकटेच. मध्ये जागा सोडून ‘#इंदूर चे’ लिहिणारे आहेत, पण ते वाचताना दाताखाली खडा येतो. आमचा उपाय साधा आहे. टॅग वाक्यात ओवायचाच नाही, शेवटी प्रत्ययाविना ठेवायचा. वाक्यात हवाच असेल तर तो शब्द प्रथमेत येईल अशी वाक्यरचना करायची.

इमोजीच्या जागेचंही असंच. इंग्रजी मुलं क्रियापदाच्या जागी बदाम टाकतात, “I ❤️ poha”. आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि विनोदाचा टोलाही बहुधा तिथेच बसतो. त्याआधी हसरा चेहरा टाकला की गुपित फुटतं. म्हणून वाक्य संपू द्यायचं, मग चित्र, आणि तेही एकच. फोनला मजकूर वाचायला लावून ऐकणारे आपल्यातही आहेत. त्यांना प्रत्येक चित्राचं नाव ऐकू येतं. पाच हसरे चेहरे टाकले तर तेच नाव पाचदा.

कधी शब्द आपणहून मदतीला येतात. महाप्रसादाच्या रिकाम्या भांड्याच्या फोटोखाली मुलांनी लिहिलं, “पेट फुल, भगोना खाली 😌”. मराठीत ‘खाली’ ठेवलं तर भांडं जमिनीवर जातं. आम्ही केलं, “पोट भरलं, पातेलं सरलं 😌”. यमक फुकट मिळालं.

सगळ्यात वेळ गेला तो मुलांच्या रविवारच्या मराठी वर्गाच्या फोटोवर. मूळ होतं: “संडे को भी शिक्षा 😭”. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीत दंड. लिहिणारा मुलगा दोन्ही भाषा जाणतो, त्याची गंमत नेमकी त्या सांध्यात आहे. ‘शिक्षण’ लिहिलं तर विनोद मेला. नुसतं ‘शिक्षा’ लिहिलं तर शिकवणाऱ्या बाई दुखावतील. शेवटी लिहिलं, “रविवारीसुद्धा शिक्षा! हिंदीतली. 😇”. एक शब्द वाढला, पण बाईंनीच ती पोस्ट सगळ्यांना पाठवली. हे मराठी पुण्यात समजावून सांगावं लागेल. इथे लागत नाही. ‘भिया’ या हाकेचं मराठी मात्र आम्हाला अजून जमलेलं नाही. ती तशीच ठेवतो.

राहता राहिले काका. वामकुक्षीची पोस्ट आम्ही आधी त्यांना दाखवली आणि त्यांनी मान डोलावल्यावरच टाकली. संध्याकाळी तिच्याखाली त्यांचं स्वतःचं उत्तर आलं होतं: “एकवीस नव्हे, तेवीस. 🙏”