नदीतला दगड आणि मोबाइलमधला फोटो



पावसाळा सरला, नद्यांचं पाणी खाली गेलं आणि दरडी उघड्या पडल्या, की माझ्या मोबाइलवर दगडांचे फोटो येऊ लागतात. पाठवणाऱ्यांत शिक्षक असतात, शेतकरी असतात, विहिरीच्या कामावरची माणसं असतात. काहीजण दोन ओळी लिहितात, काही नुसताच दगड धाडतात आणि खाली एक प्रश्नचिन्ह. विचारायचं असतं ते तीनपैकी एक: हा साधा गोटा आहे, जीवाश्म आहे, की आदिमानवाचं हत्यार? आज मी मुख्यतः एका फोटोची हकीकत सांगणार आहे, कारण फोटोवरून काय ठरवता येतं आणि काय येत नाही, हे तिच्यात बहुतेक सगळं येऊन जातं.

फोटो आला नेवाशाच्या बाजूच्या एका माध्यमिक शिक्षकांकडून. प्रवरेच्या काठची दरड ढासळली होती, तिच्या पायथ्याशी गोट्यांच्या थरात दगड मिळाला. तळहातावर ठेवून, फ्लॅश मारून, वरून काढलेला एकच फोटो. दगड बदामी आकाराचा, एका टोकाला निमुळता. "सर, दगडी कुऱ्हाड आहे का ही?"

त्या फोटोवरून मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आकार बदामी आहे, एवढ्यावर काहीच ठरत नाही. नदी हजारो दगड घासते, त्यात बदामी, तिकोनी, गोल, सगळे आकार निघतात, आणि माणूस नेमका ओळखीचा तेवढाच उचलतो. बाकीचे हजार तिथंच राहतात, त्यांचा फोटो कुणी काढत नाही. फ्लॅशचा प्रकाश समोरून पडला, की दगडावरचे उंचसखल भाग सपाट होऊन जातात. मला जे बघायचं होतं ते नेमकं पुसलं गेलं होतं.

एक गोष्ट मात्र दगडाच्या बाजूची होती, ती म्हणजे गाव. नेवासं हे अश्मयुगाच्या अभ्यासकांना चांगलं माहीत असलेलं ठिकाण आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी १९५० च्या दशकात तिथं उत्खनन केलं, आणि पुढच्या दशकात गुदरून कोर्विनस या जर्मन संशोधिकेनं नेवाशाजवळच्या चिरकी इथं हातकुऱ्हाडी आणि फरशीसारख्या रुंद धारेची हत्यारं मोठ्या संख्येनं शोधून काढली. त्यामुळे प्रवरेच्या गोट्यांच्या थरात हातकुऱ्हाड मिळणं अशक्य नव्हतं. पण ठिकाण प्रसिद्ध असलं म्हणून तिथला प्रत्येक दगड हत्यार ठरत नाही, हेही तितकंच खरं.

मी त्यांना पुन्हा फोटो मागितले. दगड मातकट रंगाच्या, न चमकणाऱ्या कापडावर ठेवा. सकाळी किंवा संध्याकाळी उन्हात न्या, म्हणजे उजेड तिरपा येईल, आणि तो डाव्या बाजूनं पडेल असा दगड ठेवा. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते सत्तावीस मिलिमीटरचं असतं, त्यावरून माप कळतं. दोन्ही अंगं, दोन्ही कडा आणि दोन्ही टोकं, असे सहा फोटो काढा. धुवायचा असेल तर साध्या पाण्यानं, मऊ ब्रशनं. तारेच्या घासणीनं अजिबात नाही, कारण आपल्याला जे वाचायचं आहे ते त्या वरच्या पातळ थरावरच असतं.

सहा फोटो आले आणि दगड बोलायला लागला.

एका अंगाला मध्यभागी गोट्याचं मूळ गुळगुळीत कवच शिल्लक होतं. त्याच्या भोवती, कडेकडून आत जाणारे उथळ खोलगट खळगे होते. घाव बसून दगडाचा छिलका उडतो, तेव्हा मागे असा खळगा राहतो. दोन खळगे शेजारी आले की त्यांच्यामध्ये उंच रेघ उरते. या रेघा बघत गेलं, की कोणता छिलका आधी उडाला आणि कोणता नंतर हे कळतं, कारण नंतरचा खळगा आधीच्याला कापून जातो. दुसऱ्या अंगाला तसेच खळगे होते, आणि त्याच कडेवरून सुरू झालेले. म्हणजे कुणीतरी एका बाजूनं घाव घातला, दगड उलटा केला, आणि पहिल्या खळग्याची कड धरून दुसऱ्या बाजूला घाव घातला. कडेचा फोटो बघितल्यावर ही गोष्ट उघड झाली: कड सरळ नव्हती, नागमोडी होती, एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. बुडखा मात्र गोल, न फोडलेला, हातात धरायला सोयीचा.

गोट्यावर गोटा आपटूनही छिलके उडतात. पूर आलेल्या नदीत ते रोज घडतं. पण नदी घाव कुठं घालायचा ते ठरवत नाही. ती कडेवर मारते, मध्यावर मारते, बोथट कोपऱ्यावर मारते, आणि मारून झाल्यावर पुन्हा घासते. माणसाला छिलका हवा तसा उडवायचा असेल, तर काटकोनापेक्षा लहान कोन असलेली कड शोधावी लागते, बोथट कडेवर घाव फुकट जातो. १९३९ मध्ये आल्फ्रेड बार्न्स यांनी हेच कोन मोजून दाखवलं. माणसानं घडवलेल्या संचात काटकोनाचे किंवा त्याहून मोठे कोन पंचवीस टक्क्यांहून जास्त नसतात, असा त्यांचा ठोकताळा होता. लक्षात घ्या, हा ठोकताळा संचाला लागू आहे, एकट्या दगडाला नाही. आमच्या शिक्षकांच्या दगडावरचे जवळपास सगळे कोन लहान होते, एवढं मी नोंदवलं.

मग रंग. खळगे आणि मूळ कवच, दोन्हींवर सारखाच तपकिरी थर चढला होता, आणि मधल्या रेघा हाताला बोचणार नाहीत इतक्या बोथट झालेल्या दिसत होत्या. म्हणजे दगड फुटल्यावर बराच काळ गेला आणि मध्ये तो पाण्यातून फिरलाही. फक्त टोकाजवळचा एक लहान खळगा करडा, ताजा होता. तो अलीकडचा: दरड पडताना लागलेला, नाहीतर जेसीबीच्या दात्याचा. हा ताजा घाव आमच्या कामाला आला. आत दगड घट्ट, बारीक कणांचा, भोकं नसलेला आहे, हे त्यातूनच दिसलं. आपला नेहमीचा जाळीदार काळा पाषाण असा फुटत नाही, तो भुगा होतो. अश्मयुगातल्या माणसानं डोलेराइटचे घट्ट गोटे निवडून घेतले, ते यासाठीच.

मी कळवलं: हातकुऱ्हाड आहे, पाण्यातून वाहून आलेली. किती जुनी, ते फोटोवरून सांगता येणार नाही. ती आपल्या मूळ जागेवरून निघून गोट्यांच्या थरात येऊन पडली आहे, आणि तो थर नंतरचा असू शकतो.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी आणखी फोटो पाठवले. आता डोळा बसला होता ना! त्यातला एक दगड मात्र भलताच सुबक: तीन कडांचा, धारदार, खळगे ठसठशीत, घाव बसल्या जागेखालचा फुगवटासुद्धा स्पष्ट. पण सगळा एकसारखा करडा, रेघा कोऱ्या करकरीत. मी विचारलं, जवळून रेल्वे जाते का? तर दगड रुळांशेजारचा निघाला. खडी फोडणारं यंत्र काळ्या पाषाणावर अगदी असेच घाव घालतं. याला जुना दाखलाही आहे. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या मांत गावच्या सिमेंट कारखान्यात मार्सेलँ बूल यांनी पाहिलं, की खडूमाती कालवणाऱ्या यंत्रातून बाहेर पडलेल्या गारा त्या वेळी अतिप्राचीन हत्यारं म्हणून संग्रहालयांत मांडल्या जाणाऱ्या दगडांसारख्याच होत्या. तेव्हा नुसता फुगवटा दिसला म्हणून कुणी नाचू नये.

जीवाश्मांचं काय, असं तुम्ही विचाराल. दख्खनचा पाषाण लाव्हारसाचा आहे, तापलेल्या रसात हाडं टिकत नाहीत. तरी डायनासोरच्या अंड्याचे फोटो सगळ्यात जास्त येतात. बहुतेक वेळा तो झिजून गोल झालेला काळा पाषाण असतो, आणि त्याच्यावरून कांद्यासारखे एकामागून एक पापुद्रे सुटत असतात. खऱ्या अंड्याला एकच पातळ कवच असतं, एखाद-दोन मिलिमीटरचं, आणि आतला भराव वेगळ्या मातीचा. ते फुटलेल्या कडेवर दिसायला हवं. म्हणून अंड्यासारखा दगड असेल तर मी सबंध गोलाचा नव्हे, फुटक्या भागाचा फोटो मागतो. पाषाणातल्या पोकळ्यांत साचलेली गारगोटी आणि अकीक सुटून पडतात, तेही दात किंवा बी म्हणून येतात. अकिकातली काळी नेच्यासारखी नक्षी वनस्पती नसते, ती मँगेनीजची ऑक्साइडं असतात.

पण जीवाश्म मिळतच नाहीत असंही नाही. विदर्भात चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या काळातली हाडं आणि विष्ठेचे जीवाश्म सापडलेले आहेत, आणि ते बघायला अगदी मामुली दगडासारखे असतात. आपल्या नद्यांच्या जुन्या गाळातही हत्ती आणि रानबैलांची हाडं निघाली आहेत. हाड आणि जाळीदार पाषाण यांतला फरक तुटलेल्या टोकावर दिसतो. हाडाला बाहेर घट्ट भिंत असते आणि आत बारीक कप्पे. पाषाणातली भोकं मात्र लहानमोठी, गोल, सर्वभर विखुरलेली असतात, आणि पुष्कळदा पांढऱ्या खनिजानं भरलेली.

शेवटी काही फोटो उरतात, ज्यांचं उत्तर "सांगता येत नाही" एवढंच असतं. परवा असाच एक आला: अकिकाचा बोटाच्या पेराएवढा कपचा, त्यावर एकच खळगा. माणसानं काढलेला असू शकतो, नांगराचा फाळ लागून उडालेला असू शकतो. एका कपच्यावरून याचा निकाल लागत नाही. त्या शेतात अशाच समांतर कडांच्या बारीक पात्या आणि त्या काढून उरलेले गाभे दिसले, तर गोष्ट बदलते. म्हणून मी त्या गृहस्थांना कळवलं, की आता काही उचलू नका, जमिनीचा फोटो काढा, दगड होते तसेच ठेवून. सोबत गावाचं नाव, गट नंबर, आणि वरच मिळालं की खोदताना, तेही लिहा. आणि फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीच्या फोटोबरोबर जागेची नोंद येत नाही, आणि बारकावेही कमी होतात. लोकेशन चालू ठेवून काढला असेल आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर ती नोंद त्याच्याबरोबर येते. त्यांचे फोटो अजून यायचे आहेत. ज्वारी उभी आहे, काढणी झाल्यावर पाठवतो म्हणाले.