वेटसूटचं माप आणि आत शिरणारं पाणी



कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझचा किनारा फोटोत पाहिला, तर लख्ख ऊन, निळं पाणी आणि फळ्या घेऊन लाटांवर स्वार झालेली माणसं दिसतात. मालवण किंवा गोव्याच्या समुद्रात पोहलेल्या माणसाला वाटतं, इथलंही पाणी तसंच असणार. प्रत्यक्षात तिथल्या समुद्राचं तापमान वर्षातला बराच काळ 11 ते 15 अंशांच्या दरम्यान असतं. सिलिकॉन व्हॅलीत नोकरीला असलेली आणि हौसेने सर्फिंग शिकायला जाणारी मराठी मुलंमुली पहिल्याच दिवशी हे शिकतात. मग वेटसूटची खरेदी होते. शर्ट ‘एम’ मापाचा लागतो, म्हणून सूटही ‘एम’ मागवला जातो. वीस मिनिटांत दात वाजायला लागले की दोष दिला जातो सुटाच्या जाडीला. ‘3 मिलिमीटरचा घेतला, 5 चा घ्यायला हवा होता,’ असं म्हटलं जातं. पुष्कळदा जाडी बरोबर असते आणि चूक मापात असते.

ही चूक कळायला वेटसूट मुळात ऊब कशी राखतो ते पाहावं लागतं. त्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. सूट आणि अंग यांच्यामध्ये पाण्याचा थर साठतो, तो अंगाच्या उष्णतेने तापतो आणि तोच गरम पाण्याचा थर माणसाला ऊब देतो, असं पोहायला शिकवणारेसुद्धा सांगतात. यातलं पाणी तापतं हे खरं, पण ऊब राखण्याचं काम पाणी करत नाही. पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. ते ऊब कसली राखणार? ऊब राखतात ते निओप्रीनमधले वायूचे बारीक बारीक बंद बुडबुडे. हे फेसाळ रबर थर्मोकोलसारखंच काम करतं, फक्त ते ताणलं जातं आणि अंगाबरोबर वाकतं.

हे नेमकेपणाने ओळखलं ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने. ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात काम करत होते. 1951 च्या सुमारास ते अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांना थंड पाण्यात काय घालता येईल याचा विचार करत होते. तोवरचा भर माणसाला कोरडं ठेवण्यावर होता. रबराचा बंद पोशाख घालायचा, आणि तो कुठे फाटला की आत पाणी भरून सगळंच संपायचं. ब्रॅडनर यांचं म्हणणं असं होतं की माणूस ओला झाला तरी चालेल. कापडातच हवा कोंडलेली असेल, तर ऊब टिकेल. निओप्रीन वापरून पाहा, ही सूचना त्यांना विलार्ड बॅस्कम यांनी केली. त्याच काळात, 1952 साली, जॅक ओनील यांनी सॅन फ्रान्सिस्कोत सर्फिंगचं दुकान उघडलं आणि पुढे त्यांनी हा पोशाख सर्फरमंडळींमध्ये रुजवला. ओले व्हा, पण आतलं पाणी थोडं असू द्या आणि ते हलू देऊ नका, हा त्या शोधाचा अर्धा भाग आजही लोकांच्या ध्यानात राहत नाही.

आतलं पाणी हललं तर किती नुकसान होतं, याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. आता समजा, सैल सुटात पाठीच्या खळगीत आणि पोटावर मिळून अर्धा लिटर पाणी साठलं आहे. समुद्र 13 अंशांवर आहे आणि अंगाला लागून ते पाणी 28 अंशांपर्यंत तापलं. म्हणजे 15 अंशांची वाढ झाली आणि साडेसात किलोकॅलरी खर्च झाली. निवांत बसलेल्या माणसाचं शरीर मिनिटाला साधारण सव्वा ते दीड किलोकॅलरी उष्णता तयार करतं. म्हणजे एवढंसं पाणी तापवायला पाचएक मिनिटांची सगळी उष्णता गेली. हे एकदाच झालं, तर शरीर ते सोसतं. पण सर्फर लाटेखालून बुडी मारतो तेव्हा गळ्यातून नवं गार पाणी आत घुसतं आणि तापलेलं पाणी घोट्यांतून, मनगटांतून निघून जातं. दर दोन मिनिटांनी असं झालं, तर शरीर जेवढं कमावतं त्याच्या अडीच-तीनपट उष्णता नुसतं पाणी तापवण्यात जाते. हातांनी पाणी मारताना शरीर जास्त तापतं हे खरं, पण पुढच्या लाटेची वाट बघत फळीवर बसलं की ती कमाई परत खाली येते. अशा वेळी जाड निओप्रीन फारसं कामाला येत नाही, कारण पाणी निओप्रीनमधून आलेलंच नसतं. ते फटीतून आलेलं असतं.

म्हणून माप महत्त्वाचं. मापाचा तक्ता तीन आकडे विचारतो: उंची, वजन आणि छाती. तिन्हींचं काम वेगळं आहे. छातीचा घेर सांगतो की धडाभोवती सूट चिकटून बसेल की नाही. उंची सांगते की खांद्यापासून जांघेपर्यंत आणि पुढे घोट्यापर्यंत सुटाची लांबी पुरेल की उरेल. वजन हा अंदाजाचा आकडा आहे. पोट, मांड्या आणि दंड यांचे घेर वेगवेगळे मोजायचं टाळण्यासाठी तो विचारला जातो.

आता मघाच्या त्या ‘एम’ मागवणाऱ्या तरुणाचं उदाहरण पुरतं सोडवून पाहू. त्याची उंची 168 सेंटिमीटर, वजन 73 किलो, छाती 100 सेंटिमीटर आहे. समजा, तक्त्यात ‘एस’ माप 168 ते 173 सेंटिमीटर उंची, 59 ते 68 किलो वजन आणि 91 ते 96 सेंटिमीटर छातीसाठी आहे. ‘एम’ माप 175 ते 180 उंची, 68 ते 77 किलो आणि 97 ते 102 छातीसाठी आहे. छाती आणि वजन दोन्ही ‘एम’मध्ये बसतात, म्हणून त्याने ‘एम’ घेतला. छातीवर तो बरोबर बसलासुद्धा. पण सूट कापलेला होता त्याच्यापेक्षा निदान 7 सेंटिमीटर उंच माणसासाठी. जास्तीची लांबी कुठेतरी जाणारच. पायांतली थोडी घोट्यापाशी जमते, त्याने फार बिघडत नाही. धडातली मात्र कमरेच्या वर, पाठीच्या खळगीत आडव्या घड्या होऊन राहते, आणि तिथेच पाण्याची पिशवी तयार होते. ‘एस’ घेतला असता, तर लांबी जुळली असती, पण छाती आवळली गेली असती. त्याला हवा होता ‘एमएस’. त्यात घेर ‘एम’चा आणि लांबी ‘एस’ची असते. बऱ्याच कंपन्या अशी आखूड आणि उंच मापं काढतात. त्याच्याबरोबरची मैत्रीण सडपातळ आणि उंच असेल, तर तिची अडचण नेमकी उलटी. तिला घेर कमी आणि लांबी जास्त असलेलं ‘टॉल’ माप शोधावं लागेल. स्त्रियांच्या मापांत आणखी एक खाचखळगा आहे. तिथे बहुधा क्रमांक असतात, आणि अमेरिकेचा 8 क्रमांक म्हणजे ब्रिटनचा 8 नव्हे. म्हणून क्रमांक बघून मागवू नये, सेंटिमीटर बघावेत.

छाती मोजतानाच पुष्कळांचा घोटाळा होतो. टेप उघड्या अंगावर, काखेच्या खालून, छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून घ्यावी. हात खाली सोडावेत, श्वास नेहमीसारखा चालू ठेवावा, छाती फुगवू नये. पाठीमागे टेप वर किंवा खाली सरकली, तर आकडा उगीच वाढतो, म्हणून दुसऱ्या कुणाकडून मोजून घेतलेलं बरं. तिन्ही आकडे एका मापात बसले नाहीत, तर छातीला पहिला मान द्यावा, मग उंचीला आणि शेवटी वजनाला. ट्रायथलॉनच्या पोहण्याच्या सुटांचे तक्ते पुष्कळदा उंची आणि वजनावरच बेतलेले असतात. तिथे त्या कंपनीचं ऐकावं.

घट्ट हवा म्हणजे जेवढा आवळता येईल तेवढा हवा, असंही नाही. निओप्रीन प्रमाणाबाहेर ताणलं की पातळ होतं आणि पातळ झालं की ऊब घटते. शिवाय लांब श्वास पुरा घेता येत नाही, खांदे लवकर भरून येतात, बोटांना मुंग्या येतात. गळ्याशी दाब जास्त पडला, तर चक्कर येऊ शकते. हे लक्षण दिसलं की पाण्यातून बाहेर यायचं आणि तो सूट परत घालायचा नाही.

खोल बुडी मारणाऱ्यांसाठी एक मर्यादा सांगायला हवी. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि निओप्रीनमधले बुडबुडे दबतात. सूट पातळ होतो, आणि किनाऱ्यावर अंगासरशी बसलेला सूट खाली थोडा सैलही पडतो. म्हणून वर जेमतेम बसणारा सूट खोल पाण्यासाठी चालत नाही. बर्फाळ पाण्यात तर वेटसूट सोडून कोरड्या पोशाखाकडेच वळावं लागतं. तारकर्लीला उथळ पाण्यात बुडी मारणाऱ्यांना यातलं काही फारसं जाणवत नाही, कारण आपलं पाणी मुळात कोमट आहे. तरी तिथेही भाड्याचा सूट घेताना गळा आणि कंबर चाचपून पाहायला हरकत नाही.

सूट लहान वाटला, तर तो आधी नीट चढवला आहे का ते पाहावं. नवखी माणसं पाय पुरते वर न ओढताच हात घालतात. मग जांघेत जागा उरते, खांदे खाली खेचले जातात आणि सूट लहान आहे असं वाटतं. आधी घोट्यांपासून थोडं थोडं वर सरकवत जांघेत सूट घट्ट बसवावा, मग धड, मग हात. निओप्रीन बोटांच्या पेरांनी धरावं, नखांनी ते फाटतं. सूट चढला की दोन्ही हात डोक्यावर न्यावेत आणि उकिडवं बसावं. काखेत, पाठीच्या खळगीत आणि जांघेत चिमटीत मावेल एवढा सुटा भाग राहिला, तर तो सूट मोठा आहे. गळ्याशी कड सगळीकडून कातडीला लागलेली हवी. कोरडा सूट आवळल्यासारखा वाटतो, आणि भिजल्यावर तो थोडा सैलावतो, हे धरून निर्णय घ्यावा.

घरपोच मागवलेला सूट तेव्हा आधी घरातच, कोरड्या अंगावर पंधरा मिनिटं घालून बघा. त्याच्यावरचं लेबल तोडू नका. एकदा समुद्रात भिजलेला सूट दुकानदार बहुधा परत घेत नाहीत.